शिक्का, मोर्तब आणि इतिवृत्त : सभेचा कागद पुरावा कधी ठरतो?

वसईचा किल्ला पोर्तुगीजांनी चिमाजी अप्पांच्या हवाली करण्याचे कबूल केले तो दिवस कोणता? काही पुस्तकांत ५ मे १७३९ ही तारीख आढळते, तर काहींत १६ मे १७३९. इतिहासाचे नवे वाचक इथे हमखास अडखळतात आणि दोन्हींपैकी एका लेखकाने चूक केली असावी असे समजतात. वस्तुतः दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. पोर्तुगालने १५८२ पासूनच ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत होते आणि अठराव्या शतकात या दोहोंमध्ये ११ दिवसांचे अंतर होते. वसईत जो दिवस १६ मे होता, तोच दिवस पलीकडच्या मुंबई बेटावर इंग्रजांच्या दप्तरात ५ मे म्हणून नोंदला जात होता. त्यात भर म्हणजे इंग्रजांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या घटनांवर त्यांच्या कागदांत १७३८ हे साल पडलेले दिसते.

हा गोंधळ तसा उपकारकच म्हणावा लागेल. वसईच्या वेढ्याच्या काळात गोव्याला पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या राज्यमंडळाच्या सभा भरत होत्या आणि मुंबईला ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नरच्या कौन्सिलच्या. दोन्हीकडे चिटणीस सभेचे टिपण ठेवीत. एकमेकांचे हितसंबंध जुळत नसलेल्या दोन दरबारांनी आपापल्या भाषेत आणि आपापल्या पंचांगाने लिहिलेल्या नोंदी अकरा दिवसांचा फरक वजा केल्यावर एकमेकींशी जुळतात. ठरवून जुळवलेल्या साक्षींमध्ये असा बारीक फरक सहसा राहत नाही. त्यामुळे असा फरक आणि त्याचे समाधानकारक कारण सापडले की कागदावरचा विश्वास वाढतो.

सभेच्या टिपणाला आज आपण इतिवृत्त म्हणतो. ते पुरावा म्हणून केव्हा टिकते, हा प्रश्न इतिहासकारापुढे जसा असतो तसाच न्यायाधीशापुढेही असतो. दोघेही सभेला हजर नव्हते. दोघांपुढे फक्त कागद आहे आणि त्या कागदावर विसंबून कोणाची तरी जमीन, अब्रू किंवा हक्क ठरायचा आहे.

गोव्याच्या राज्यमंडळाची ही इतिवृत्ते ‘असेंतुश’ या नावाने ओळखली जातात. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५३ ते १९५७ या काळात ती पाच खंडांत प्रसिद्ध केली आणि १६१८ ते १७५० पर्यंतचा काळ त्यांत आला. वसईच्या पतनाची पार्श्वभूमी पाचव्या खंडाच्या कक्षेत येते. पिसुर्लेकरांच्या या कामाची महती मराठी वाचकांना पुरेशी ठाऊक नाही, हे खेदाने म्हणावे लागते. अनेक बखरी घटनांनंतर बऱ्याच काळाने, शेवट ठाऊक असलेल्या माणसांनी लिहिल्या. सभेचे टिपण लिहिणाऱ्या चिटणिसाला मात्र वसई पडणार की वाचणार हे ठाऊक नव्हते. पुढे काय होणार हे माहीत नसताना लिहिलेल्या मजकुरात पश्चात्बुद्धीची भेसळ होऊ शकत नाही. तत्कालीन कागदाला बखरीपेक्षा अधिक मान मिळतो तो याच कारणाने.

मुंबईच्या कौन्सिलची टिपणे आणखी एका गोष्टीमुळे विश्वासार्ह ठरतात. त्यांची प्रत समुद्रमार्गे लंडनला कंपनीच्या संचालकांकडे जाई. एकदा जहाज निघाले की मुंबईच्या वहीत खाडाखोड करून काही साधण्यासारखे नसे, कारण दुसरी प्रत सात समुद्रांपलीकडे, दुसऱ्याच्या ताब्यात असे. शिवाय कौन्सिलमधल्या एखाद्या सभासदाचे मत वेगळे पडले तर तो ते लिहून देई आणि ते दप्तरात दाखल होई. अशा लेखी मतालाच ‘मिनिट’ म्हणण्याचा प्रघात हिंदुस्थानात पडला. मेकॉलेचे १८३५ चे शिक्षणविषयक मिनिट हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सभेत मतभेद झाले असताना टिपणात मात्र सर्वत्र एकमत दिसत असेल, तर जाणत्या वाचकाने सावध व्हावे. विरोधी मत नोंदवलेले टिपण अधिक खरे वाटते, कारण ते एका बाजूने एकट्याने लिहिलेले नसते.

वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईकडे मदत मागितली तेव्हा इंग्रजांनी हात आखडता घेतला. थोडा दारूगोळा, थोडे धान्य आणि १५,००० रुपयांचे कर्ज, एवढ्यावर त्यांनी निभावून नेले. त्या कर्जालाही चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण घेतल्या. ख्रिस्ती शेजारी संकटात असताना त्याच्या देवघरातली भांडी गहाण ठेवून घेतली, ही काही मिरवण्याची गोष्ट नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या कळत राहिली, याचे श्रेय कंपनीच्या हिशेबी नोंदींना जाते. आपल्याच धन्याला अडचणीत टाकणारी गोष्ट लिहिणाऱ्याने लिहून ठेवली असेल, तर ती रचलेली असण्याचा संभव कमी असतो. स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या कथनाला कायद्यातही वेगळे वजन आहे, त्यामागचा तर्क हाच.

वसई मराठ्यांकडे आली आणि शंकराजी केशव तिथले सरसुभेदार झाले. त्यांच्यासोबत दप्तराची मराठी पद्धतही या किनाऱ्यावर आली. सभेचा कागद पुराव्याला कसा उतरवावा, याचा विचार मराठी मुलखाने त्याआधी शतकभर तरी केलेला होता. त्या विचाराचे फळ म्हणजे महजर.

वतनाचा, हद्दीचा किंवा वारशाचा वाद उभा राहिला की गोतसभा किंवा मजालस भरे. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्याची रचना पाहिली की ती किती विचारपूर्वक केलेली होती हे ध्यानात येते. आरंभी मिती असे. त्यानंतर ‘हाजीर मजालस’ म्हणजे उपस्थितांची यादी येई. अमुक देशमुख, अमुक देशपांडे, अमुक गावचा पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार अशी नावे हुद्द्यांसह लिहिली जात. पुढे वादी आणि प्रतिवादी यांचे करीने, म्हणजे ज्याने त्याने सांगितलेली हकिकत, दिलेली असे. निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून आधीच लिहून घेतलेला असे. मग साक्षीपुरावा आणि निर्णय येई आणि शेवटी सह्या व निशाण्या होत.

या निशाण्यांपाशी क्षणभर थांबावे. सही करता येणारे थोडेच असत. पाटील नांगराची खूण करी, शेटे तराजू काढी, न्हावी आरसा काढी आणि इतर बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती उमटवीत. आज हे कागद प्रदर्शनात मांडले की पाहणारे त्या चित्रांचे कौतुक करतात. त्यांचे खरे काम मात्र वेगळे होते. उद्या हा निवाडा कोणी नाकारला तर सभेला कोण कोण होते हे विचारायला माणसे हवीत. ती माणसे एकाच जातीची, एकाच घराण्याची किंवा एकाच पक्षाची नसावीत. शेतकऱ्यापासून न्हाव्यापर्यंत साऱ्यांच्या खुणा असलेला कागद खोटा पाडायचा तर अख्ख्या गावाला खोटे ठरवावे लागे. साक्षीदारांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेगळेपणाला किंमत होती.

याहून भक्कम कागद म्हणजे येजितखत. वाद हरलेला पक्ष आपण हरलो, आपला दावा खोटा ठरला आणि यापुढे कटकट करणार नाही, असे स्वतः लिहून देई. जिंकलेल्याच्या हातात महजर आणि त्याच्या जोडीला हरलेल्याचे येजितखत असले की तीन पिढ्यांनंतर वाद पुन्हा उकरून काढणे अवघड होई. सभेच्या कागदावर सगळ्यांत मोलाची सही कोणाची, तर ज्याचे त्या कागदाने नुकसान होते त्याची. अध्यक्षाची सही त्यानंतर येते. हे तत्त्व मराठी गोतसभांनी नेमके ओळखले होते.

तरीही कागद बदलता येतोच. मराठी दप्तरातला लांब कागद एकसंध नसे. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून त्याची गुंडाळी होई. मधला एक बंद काढून त्या जागी दुसरा डकवणे लबाडाला सहज सुचण्यासारखे होते. म्हणून सांध्याच्या पाठीवर अशा रीतीने शिक्का किंवा अक्षरे उमटवीत की त्यांचा अर्धा भाग एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर पडावा. बंद बदलला की खूण तुटलीच.

दुसरी पळवाट मजकुराच्या शेवटी असते. शेवटच्या ओळीखाली जागा मोकळी राहिली तर तिथे नंतर एखादे वाक्य भरता येते. सरकारी कागदावर याचा बंदोबस्त मोर्तबाने होई. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच लगेच मोर्तब, अशी पद्धत होती. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत. पुढे अनेकांच्या मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ किंवा ‘लेखनावधि’ असे शब्द आढळतात. लेखनाची हद्द इथे संपली आणि याखाली काही आढळले तर ते नंतरचे, असा त्यांचा अर्थ. आज आपण एखाद्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले असे सहज म्हणतो. त्या शब्दात कागदाची दोन्ही टोके बांधून टाकण्याची ही युक्ती दडलेली आहे.

एवढा बंदोबस्त असूनही बनावट महजर झाले. वतन म्हणजे पिढीजात उत्पन्न आणि मानपान, त्यामुळे मोह मोठा होता. बनावट कागद ओळखण्याची रीत मात्र तेव्हापासून आजतागायत फारशी बदललेली नाही. जुन्या मराठी कागदावर शक, संवत्सराचे नाव, महिना, तिथी, कधी वार आणि अरबी धर्तीचे सुहूर सन अशी काळाची अनेक अंगे असतात. पन्नास वर्षांनी बसून जुनी मिती रचणाऱ्याला ही सगळी अंगे एकमेकांशी जुळवणे कठीण जाते. संवत्सर एका वर्षाचे आणि सुहूर सन दुसऱ्या वर्षाचे, किंवा त्या तिथीला तो वारच येत नाही, अशी गफलत राहते. हाजीर मजालसीच्या यादीत त्या सुमारास मृत झालेला किंवा अजून अधिकारावर न आलेला माणूस डोकावतो. पदव्या, वळण आणि शब्द पुढच्या काळाचे निघतात. संशोधक मजकुराच्या खरेपणाकडे वळण्याआधी हे किरकोळ वाटणारे तपशील पाहतो. मुख्य मुद्दा रचताना लबाड सावध असतो, पण किरकोळ तपशिलात त्याचे लक्ष सुटते.

इंग्रजी अमलात पंचायती मागे पडल्या आणि अदालती आल्या. नगरपालिका, कंपन्या आणि सहकारी संस्था निघाल्या आणि सभेचा कागद गुंडाळीतून बांधीव वहीत गेला. १८७२ च्या पुरावा कायद्याने सरकारी नोंदवहीत कर्तव्य म्हणून केलेल्या नोंदीला ग्राह्यता दिली. पण ग्राह्य असणे आणि सर्व काही सिद्ध करणे यांत फार अंतर आहे. ते अंतर समजायचे तर कोकणातल्याच महाडकडे वळावे लागते. महाडचा वाद अपिलात ठाण्याच्या न्यायालयात गेला होता आणि वसई तालुकाही तेव्हा त्याच ठाणे जिल्ह्यात होता.

सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत, असा ठराव सी. के. बोले यांच्या सूचनेवरून मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव संमत केला. ठराव वहीत आला, पण तळ्यावर काही बदलले नाही. पुढची तीन वर्षे त्या पाण्याला दलितांचा हात लागू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

आता एकाच नगरपालिकेच्या दप्तरात परस्परविरोधी दोन ठराव झाले. त्यांतला खोटा कोणता? कोणताच नाही. १९२४ ची नोंद १९२४ साली काय ठरले ते खरेपणाने सांगते आणि १९२७ ची नोंद १९२७ साली काय ठरले ते. तळे खरोखर कोण वापरत होते, हे मात्र दोहोंपैकी एकही सांगत नाही. ठरावाची नोंद ‘असे ठरले’ याचा पुरावा असते. ‘असे घडले’ किंवा ‘असा हक्क होता’ याचा पुरावा ती आपोआप होत नाही. इतिहासाच्या चर्चांत ही गल्लत सर्रास आढळते. एखादा ठराव किंवा हुकूमनामा दाखवून त्या काळची समाजस्थितीच सिद्ध झाली असे सांगितले जाते. खरे तर एखादी गोष्ट ठरावाने सांगावी लागली, याचा अर्थ अनेकदा ती प्रत्यक्षात होत नव्हती असा निघतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेऊ नये अशी अनादिकालापासूनची रूढी आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालाने वादाचा शेवट आंबेडकरांच्या बाजूने झाला. नगरपालिकेने काय ठरवले, एवढ्यावर हा वाद सुटण्यासारखा नव्हता. रूढी अनादि आहे हे सिद्ध करण्याचा भार वादींवर होता. हयात माणसांच्या आठवणीपुरता वहिवाटीचा पुरावा त्यांच्यापाशी होता, पण रूढी तितकी प्राचीन असल्याचे त्यांना दाखवता आले नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती अन्याय्य वा लोकहितविरोधी आहे काय हे पाहावे लागले असते, एवढे न्यायालयाने नमूद केले. त्या प्रश्नापर्यंत जाण्याची वेळच आली नाही. समतेचा एवढा मोठा लढा शेवटी पुराव्याच्या भारावर निकाली निघावा, हे अनेकांना रुखरुख लावणारे वाटते. ती रुखरुख रास्त आहे. पण कोणत्या पुराव्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा इतका स्वच्छ धडा क्वचितच मिळतो.

वहीच्या बांधणीचा प्रश्नही न्यायालयात गेला तो साधारण याच दशकात, पण लंडनला. हार्ट्स ऑफ ओक अशुरन्स कंपनीच्या खटल्यात जी ‘वही’ पुढे आली ती दोन पुठ्ठ्यांमध्ये अडकवलेल्या सुट्या पानांची होती. वाटेल तेव्हा पान काढून त्या जागी दुसरे घालता येईल, असा तिचा प्रकार होता. न्या. बेनेट यांनी ती इतिवृत्ताची वही मानली नाही आणि कायद्यानुसार पुरावा म्हणून स्वीकारली नाही. एखादे पान बदलले गेले आहे असे कोणी सिद्ध करण्याची गरज नव्हती. बदलता येण्याजोगी रचना हाच तिचा दोष. सांध्यावर शिक्का मारणाऱ्या मराठी कारकुनाला हा निकाल ऐकून आश्चर्य वाटले नसते.

भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यात या सगळ्या अनुभवाचे सार उतरलेले दिसते. सभा संपल्यापासून ३० दिवसांत इतिवृत्त वहीत उतरले पाहिजे. पानांना सलग क्रमांक हवेत, पानापानावर आद्याक्षरे आणि शेवटी तारखेसह सही हवी. मजकूर वेगळ्या कागदावर लिहून वहीत चिकटवलेला चालत नाही. नियमाने ठेवलेले इतिवृत्त सभेच्या कामकाजाचा पुरावा मानले जाते, पण उलट सिद्ध करण्याची वाट बंद होत नाही. त्यात फेरफार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. इतिवृत्तात नोंद नाही म्हणून ठराव झालाच नाही असेही म्हणता येत नाही. तो इतर पुराव्याने दाखवता येतो, फक्त मग दाखवणाऱ्याचे ओझे वाढते.

वसई-विरारच्या दाट वस्तीत आज असे कागद रोज तयार होतात. इथल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत दुरुस्तीचा खर्च मंजूर होतो, ठेकेदार नेमला जातो, पुनर्विकासाला संमती दिली जाते. वाद झालाच तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली तो सहकार न्यायालयात जातो आणि पहिली मागणी इतिवृत्ताच्या वहीची होते. तिथे प्रश्न जुनेच विचारले जातात. सभेची सूचना आणि विषयपत्रिका गेली होती काय? ठरलेला विषय त्या पत्रिकेत होता काय? हजेरीपटावरच्या सह्या आणि इतिवृत्तातली उपस्थिती जुळते काय? मसुदा सभासदांना कधी मिळाला आणि कोणी हरकत घेतली असेल तर तिचे काय झाले? पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम केले गेले काय? सर्वांत निर्णायक प्रश्न म्हणजे ते वाद उद्‌भवण्याआधी लिहिले गेले की नोटीस हाती पडल्यावर.

वर्षभराच्या सभा एका बैठकीत लिहून काढल्या की ते लपत नाही. शाई एकच, हात एकच, अक्षराचा वेग एकच आणि प्रत्येक ठरावाची भाषा एकाच साच्यातली असते. एप्रिलच्या सभेत सप्टेंबरमध्ये आलेल्या सभासदाचे नाव येते, किंवा ठेकेदाराने अजून न दिलेल्या दरपत्रकाचा आकडा आधीच मंजूर झालेला दिसतो. हाजीर मजालसीत मेलेला माणूस डोकवावा, तसाच हा प्रकार. खऱ्या वहीत चुका असतात, पण त्या एक ओघ सोडून विखुरलेल्या असतात. कुठे खाडाखोड करून बाजूला सही केलेली, कुठे पुढच्या सभेत दुरुस्ती नोंदवलेली. दुरुस्ती उघडपणे केलेली वही अगदी निष्कलंक वहीपेक्षा अधिक विश्वास देते.

लवादापुढे जाणाऱ्या बांधकामाच्या वादांत आणखी एक प्रकार दिसतो. ठेकेदार आणि मालक यांच्या बैठकीचे टिपण एकाच पक्षाने लिहून पाठवलेले असते. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे लवादावर पुरावा कायद्याचे बंधन नसते, त्यामुळे असे टिपण सहज समोर येते. त्याचे वजन मात्र दुसऱ्या पक्षाने ते मिळाल्यावर काय केले यावर ठरते. दोघांच्या सह्या असतील तर ते जवळजवळ येजितखताच्या योग्यतेचे. मिळाल्याचे सिद्ध आहे, त्यावर हरकत आली नाही आणि कामही त्याप्रमाणे पुढे चालले, तर तेही बऱ्यापैकी भक्कम. पाठवल्याचाच पत्ता नसेल, तर ती एका बाजूची रोजनिशी समजावी.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. संगणकावर ठेवलेले इतिवृत्त पुराव्यात द्यायचे तर त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायला जागा आहे. त्यासाठी SHA256 यासारखी पद्धत वापरतात. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी हे मूल्य पार वेगळे येते, म्हणजे सांध्यावरचा शिक्का आणि लेखनसीमा ही दोन्ही कामे तो आकडा करतो. फाइल तयार होताना सभेला कोण हजर होते, कोणी विरोध केला आणि हरलेल्याने ते मान्य केले काय, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी हजेरीपट, नोंदवलेले विरोधी मत आणि ज्याचे नुकसान होते त्याची सही यांचाच शोध घ्यावा लागतो.